अडतीस तास

अडतीस हा आकडा मी टाळतो. बसमध्ये अडतीस नंबरची सीट मिळाली तर मी दांडा धरून उभा राहतो. बायको म्हणते, "त्या अडतीसनं तुमचं काय घोडं मारलं?" मी हसून वेळ मारून नेतो. घोडं मारलं ते मी, आणि ते मारून आता तीस वर्षांहून जास्त काळ होऊन गेला. तिला मी हे कधी सांगितलं नाही. इथं पहिल्यांदाच लिहितो आहे, आणि लिहितानाही राग येतो आहे, तो स्वतःचाच.

आमचं तेव्हा मध्य प्रदेशच होतं. वडील पोलादाच्या सरकारी प्लांटमध्ये क्लार्क, सेक्टर सहामध्ये कंपनीचं क्वार्टर, त्यात आई-वडील, मी, बायको आणि दोन वर्षांची पोरगी. प्लांटमध्ये मला काही नोकरी लागली नाही. मी एका खासगी कंपनीच्या गोदामात होतो, आणि बत्तिसाव्या वर्षी तिथला इन्चार्ज झालो होतो. बेअरिंग, कन्व्हेयरचे पट्टे, वेल्डिंग रॉड, व्हॉल्व्ह असला माल लांबून ट्रकनं यायचा. आम्ही तो उतरवायचो, मोजायचो, तपासायचो, रॅकवर लावायचो आणि आसपासच्या कारखान्यांच्या ऑर्डरी निघतील तसा पाठवायचो. कंपनीचं असंच दुसरं गोदाम रायपूरच्या रस्त्यावर कुम्हारीला होतं. आमच्यापेक्षा लहान, सात माणसांचं.

तिथले इन्चार्ज माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. नागपूरकडचं मराठी घर, वडील रेल्वेत, दुर्ग लाइनवर बदल्या होत होत इकडेच राहिलेलं. मी त्यांना काका म्हणायचो आणि ते मला भाऊ. शर्टाच्या खिशात दोन पेनं, एक निळं, एक लाल. ट्रकचा पुढचा टायर गेटच्या लोखंडी पट्टीवर आला की काका घड्याळ बघायचे, मालासोबतच्या चलनाच्या मागं लाल पेनानं वेळ लिहायचे आणि खाली ड्रायव्हरची सही घ्यायचे. ड्रायव्हर वैतागायचे. कुणाला लिहिता येत नसेल तर अंगठा. ही पद्धत त्यांना कुणी शिकवली नव्हती. "तो मानूस किती दुरून येते, भाऊ," एकदा म्हणाले होते, "तो कधी आला एवढं त लिहावं ना आपन."

आमच्याकडे असलं काही नव्हतं. ट्रक आला की आमचा चौकीदार त्याला बाहेरच चहाच्या टपरीपाशी लावायचा, स्वतःच्या रजिस्टरमध्ये नंबर आणि वेळ खरडायचा, आणि आमचे हमाल रिकामे झाले की आत घ्यायचा. माल उतरे, कागद जुळत, मग आम्ही मालाची पावती फाडायचो. माझं रजिस्टर त्या पावतीपासून सुरू व्हायचं. चौकीदाराच्या रजिस्टरला मी हातही लावत नसे. त्याला डाळीचा वास यायचा, डबा तो त्यावर ठेवून जेवायचा.

मग हेड ऑफिसातून साहेब आले. तरुण, इस्त्रीचे कपडे, हिंदी बोलणारे. दोन्ही इन्चार्जांना आमच्या गोदामात बसवलं आणि एका खोक्याच्या पुठ्ठ्यावर खडूनं तीन सूत्रं लिहिली. इथून पुढं गोदाम चांगलं की वाईट हे तोंडानं सांगायचं नाही, आकड्यानं सांगायचं, असं त्यांचं म्हणणं.

पहिलं सूत्र ऑर्डरच्या अचूकतेचं. बिनचूक गेलेल्या ऑर्डरी भागिले एकूण पाठवलेल्या ऑर्डरी, गुणिले शंभर. माल तोच, नग तेवढेच, कागद बरोबर, तर ऑर्डर बिनचूक. एकही गोष्ट चुकली तर अख्खी ऑर्डर चुकली. माझ्या दोनशे चाळीसपैकी सहा चुकल्या होत्या, म्हणजे साडेसत्त्याण्णव टक्के. काकांच्या दोनशेपैकी एक, साडेनव्व्याण्णव. ती एक कोणती हेही काकांना पाठ होतं. आत सहा-दोनशे पाच नंबरच्या बेअरिंगऐवजी सहा-दोनशे सहा गेलं होतं.

दुसरं सूत्र माल फिरण्याचं. वर्षभरात गोदामातून गेलेल्या मालाची खरेदी किंमत भागिले सरासरी साठा, आणि सरासरी साठा म्हणजे वर्षाच्या सुरुवातीचा अधिक शेवटचा, भागिले दोन. माझा माल गेला साठ लाखांचा, साठा सुरुवातीला चौदा, शेवटी सोळा, सरासरी पंधरा. साठ भागिले पंधरा, चार. म्हणजे माझं गोदाम वर्षातून चार वेळा रिकामं होऊन भरलं, माल सरासरी तीन महिने रॅकवर राहिला. काकांचं छत्तीस भागिले नऊ. तेही चारच.

तिसरं सूत्र डॉक-टू-स्टॉकचं. ट्रक गेटवर आल्यापासून माल रॅकवर लागून साठ्याच्या कार्डावर चढेपर्यंत किती तास गेले ते प्रत्येक आवकेचं मोजायचं, सगळ्यांची बेरीज करायची आणि आवकांच्या संख्येनं भागायचं. कार्डावर चढल्याशिवाय माल कुणाला देता येत नाही. गोदामात असून नसल्यासारखा. त्यामुळं हे तास जितके कमी तितकं गोदाम चलाख.

काकांनी हात वर केला. शाळेतल्यासारखा. "साहब, रात के घंटे भी गिनने हैं?"

"गिनने हैं. घड़ी बंद थोड़े ही होती है."

"और छुट्टी के?"

"वो भी."

काकांनी मान डोलावली आणि लिहून घेतलं, लाल पेनानं. मी काहीच लिहून घेतलं नाही. मला वाटलं, असल्या फॉर्मची फॅशन चार महिने चालते.

महिनाअखेरीस मी फॉर्म भरायला बसलो. साहेबांनी "गेटवर आल्यापासून" म्हटलं होतं, ते मी ऐकलंही होतं. पण माझ्या रजिस्टरमध्ये पावतीची वेळ होती आणि गेटची वेळ डाळीच्या वासाच्या रजिस्टरमध्ये. चौतीस आवका, दोन्ही रजिस्टरं जुळवायची म्हणजे अर्धा दिवस गेला असता. मी पावतीपासूनचे तास लिहिले. कुणाला सहा तास, कुणाला नऊ, कुणाला बारा. सरासरी आली नऊ. शपथेवर सांगतो, त्या पहिल्या महिन्यात तो निव्वळ आळस होता. दुसऱ्या महिन्यात सवय झाली. तिसऱ्या महिन्यात हेड ऑफिसचं शाबासकीचं पत्र आलं, ते मी घरी नेऊन वडिलांना दाखवलं.

काकांनी पहिल्याच महिन्यात वीस आवकांचे सातशे साठ तास भरले होते. सातशे साठ भागिले वीस, अडतीस.

चौथ्या महिन्यात बातमी आली की कंपनीला दोन गोदामं परवडत नाहीत, एक बंद होणार. कुठलं ते आकडे बघून ठरेल. पुढच्या मार्चमध्ये वडील रिटायर होणार होते, क्वार्टर सोडावं लागणार होतं. भाड्याचं घर घ्यायचं तर माझ्या पगारावरच. माझं गोदाम बंद झालं तर पाच माणसांनी जायचं कुठं, हा प्रश्न मी जेवताना, आंघोळ करताना, पोरीला खेळवताना स्वतःला विचारत होतो. तिकडं कुम्हारीतही सात घरं होती, आणि तोच प्रश्न तिथंही सात जण विचारत असतील, हे मला कळत होतं. कळून मी काय केलं ते आता सांगतो.

आठवड्याभरात काका आमच्याकडे आले. दुपारची वेळ, हमाल जेवायला गेलेले. समोरच्या स्टुलावर बसले, पाणी प्यायले आणि सरळ विषयावर आले.

"भाऊ, तुमचं नऊ कसं येऊन राहिलं? मले शिकवा ना. माह्याकडं ट्रक संध्याकाळी येते, हमाल गेलेले असतात, रात्र तशीच जाते. मंग तपासनी, मंग कागद. कितीबी ओढाताण केली तरी अडतीसच्या खाली उतरून नाई राहिलं."

"आमचे हमाल जास्त आहेत ना काका."

"चारच त जास्त हायेत." मग त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं, "तुम्ही घडी गेटपासूनच लावता ना?"

त्यात संशय नव्हता. मी त्या क्षणाकडे हजार वेळा परत गेलो आहे आणि दर वेळी शोधलं आहे की त्यांच्या आवाजात थोडा तरी संशय होता का. असता तर मला बरं वाटलं असतं. त्यांना फक्त शिकायचं होतं.

"गेटपासूनच," मी म्हणालो.

"मंग आमचंच चुकते कुठंतरी," ते म्हणाले. चहा नको म्हणाले, उठले आणि सायकलवर बसून गेले.

ते गेल्यावर मी चौकीदाराकडून त्याचं रजिस्टर मागून आणलं. दार लावून घेतलं आणि पहिल्या महिन्याच्या चौतीस आवका जुळवत बसलो. जी पावतीपासून सहा तासांत लागली होती ती गेटपासून तीस तासांत. नऊची तेहतीस निघाली, बाराची एकावन्न. हे तीनच घेतले तर एकशे चौदा भागिले तीन, अडतीस. सगळ्या चौतीसांची बेरीज केली तर तेराशे सव्वीस, भागिले चौतीस, एकोणचाळीस. आम्ही कुम्हारीपेक्षा एका तासानं मागं होतो. आणि मागच्या अंगणात ताडपत्रीखाली जी खोकी कागद नाहीत म्हणून पडून होती, त्यांची तर पावतीच फाटली नव्हती. ती या हिशेबात कुठंच नव्हती. ती आलेलीच नव्हती.

माझ्यासमोर एका फोनचं काम होतं. हेड ऑफिसला फोन लावायचा आणि सांगायचं, साहेब, माझं सूत्र चुकलं. मी रजिस्टर चौकीदाराला परत केलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं स्वतःला म्हणालो. म्हणी अशा वेळी फार उपयोगी पडतात.

कुम्हारीचं गोदाम बंद झालं. पत्रात लिहिलं होतं की अचूकता दोन्हीकडे समाधानकारक, माल फिरण्याचा वेग सारखा, परंतु आलेला माल साठ्यात घ्यायला कुम्हारी येथे चौपट वेळ लागतो. चार हमाल, चौकीदार आणि तिथला क्लार्क यांचा हिशेब करून दिला. काकांची जुनी नोकरी म्हणून त्यांना एक संधी दिली: पगार कमी करून आमच्या गोदामात, गेटवर आवक-क्लार्क म्हणून.

पहिल्या दिवशी ते सकाळी आठच्या आधी आले. सायकल भिंतीला लावली, माझ्या टेबलापाशी उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, काम सांगा."

"काका, भाऊ म्हणा ना."

"नाई साहेब. आता बरोबर नाई दिसत."

मी त्यांना गेटवरचं टेबल दिलं. काम सांगायची गरज नव्हती. तासाभरात एक ट्रक आला. काकांनी चौकीदाराला तो टपरीपाशी लावू दिला नाही. टायर पट्टीवर येईपर्यंत थांबले, घड्याळ बघितलं, लाल पेन काढलं.

त्यांना सगळं कळायला दोन दिवससुद्धा लागले नसतील. गेटची वेळ त्यांच्या हातची, पावतीची वेळ माझ्या रजिस्टरमध्ये, मधल्या भिंतीवर महिन्याचा तक्ता आणि त्यावर मोठ्या अक्षरात नऊ. तिसऱ्या दिवशी मागच्या अंगणात ते ताडपत्रीचं टोक उचलून उभे दिसले. खोक्यावरची चिठ्ठी वाचत होते.

"साहेब, याची पावती?"

"व्हायची आहे. कागद यायचेत."

"केव्हापासून येऊन राहिले?"

त्यांनी टोक हळूच खाली सोडलं आणि ताडपत्रीवर वीट ठेवली, वाऱ्यानं उडू नये म्हणून. मला वाटलं आता ते बोलतील. बोलले असते तर मी भांडलो असतो, ओरडलो असतो, कदाचित रडलोही असतो. ते गेटवर गेले आणि कामाला लागले. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, कधीच काही बोलले नाहीत.

त्यांच्या त्या न बोलण्यानं मला झपाटलं. मी दारातून येऊ-जाऊ लागलो की ते उठून उभे राहायचे. मी मागच्या फाटकानं यायला लागलो. मागच्या फाटकाशी ती ताडपत्री. घरी वडिलांच्या खोकल्यात मला काकांचा खोकला ऐकू यायचा. रविवारी मार्केटमध्ये लाल पेनं मांडलेली दिसली तरी मी पुढच्या दुकानात जायचो. बायको म्हणाली, "तुमाले झालं काय? ऑफिसात भूत पाहून राहिले का?" मी तिच्यावर खेकसलो. भूत मेलेल्या माणसाचं असतं हे माझंही लहानपणापासूनचं ज्ञान. हा माणूस जिवंत होता, डब्यात भाकरी आणि लाल भाजी आणायचा, आणि मला नमस्कार करायचा.

सहा महिन्यांनी हेड ऑफिसनं फॉर्म बदलला. आता गेटच्या रजिस्टरची कार्बन कॉपी रिपोर्टला जोडायची होती. मला वाटलं होतं की तिकडं कोण बघतंय. तिकडं बघणारं कुणीतरी होतं. पंधरा दिवसांनी तेच तरुण साहेब दारात उभे.

माझ्या टेबलावर त्यांनी दोन कागद शेजारी ठेवले. एक माझा तक्ता, नऊ. दुसरी काकांच्या वेळांवरून हेड ऑफिसात केलेली बेरीज, चाळीस.

"यह क्या है? नौ का चालीस कैसे हो गया?"

इथं मी खरं सांगू शकत होतो. खरं सांगायला एक वाक्य पुरत होतं. सर, चाळीसच्या आसपासच होते, पहिल्यापासून. नोकरी गेली असती, किंवा नसतीही गेली. ते साहेब काही राक्षस नव्हते. वडील दोन महिन्यांत रिटायर होणार होते. पण वडिलांचं नाव पुढं करून मी सुटणार नाही. मी घाबरलो होतो, एवढंच खरं.

"सर, गेट पर नया आदमी है," मी म्हणालो. "टाइम बराबर नहीं लिखता. अपने पुराने ढंग से लिखता है."

साहेबांनी काकांना बोलावलं. काका आले, दोन्ही हात समोर घेऊन उभे राहिले. साहेबांनी विचारलं की या वेळा कशा लिहिल्या.

"साहब, ट्रक आया तभी लिखा. ड्राइवर का साइन है."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. काकांनीही बघितलं. त्यांच्या नजरेत आर्जव नव्हतं, धमकी नव्हती. मला वाटतं त्यांना खात्री होती की आता मी बोलेन. इतके महिने ते त्याचीच वाट बघत होते की काय, असं आता वाटतं. मी टेबलावरचा कागद सरळ करत बसलो.

"ड्राइवर तो कुछ भी साइन कर देता है, सर," मी म्हणालो.

महिन्याच्या आत त्यांना काढलं. पत्रात कारण होतं, वेळेच्या नोंदींत निष्काळजीपणा. ते पत्र टाइप करून त्यांच्या हातात द्यायचं काम माझं. त्यांनी ते उभ्यानं दोनदा वाचलं. "निष्काळजीपणा" या शब्दावर त्यांचं बोट थांबलं. मग घडी घालून त्यांनी ते खिशात ठेवलं.

त्यानंतर मी काय केलं? गेटवर दुसरा माणूस आणला, त्याला सांगितलं की ट्रक टपरीपाशी लावत जा आणि आत घेताना वेळ लिही. आकडा परत दहाच्या खाली आला. आता कार्बन कॉपीही जुळत होती. हेड ऑफिसनं मानलं की खरंच, दोष त्या माणसाचाच होता. मी इतकं बेमालूम काम आयुष्यात दुसरं केलं नाही.

एका शनिवारी दुपारी काका गेटवर आले. आत येईनात. मीच बाहेर गेलो.

"साहेब, तिकडं एका सिमेंटवाल्याच्या स्टोअरमंधी जागा हाय," ते म्हणाले. "बोलावलं त्यायनं. पन हे पत्र पाहून म्हनते, वेळ लिहिता येत नाई अशा मानसाले गेटवर कसं बसवावं. तुम्ही एक चिठ्ठी द्या. बाकी काई नको. वेळा बरोबर लिहत होता, एवढंच."

किती साधी मागणी. एका ओळीची. पण ती ओळ माझ्या सहीनं बाहेर गेली की माझे नऊ खोटे पडत होते. सिमेंटवाल्यांच्या स्टोअरला आमच्याच गोदामातून माल जायचा, आमच्या साहेबांची तिथं ऊठबस होती.

"लिहून ठेवतो काका," मी म्हणालो. "पुढच्या शनिवारी या."

पुढच्या शनिवारी मी सांगितलं, टाइपरायटरची रिबन संपली आहे. त्याच्या पुढच्या शनिवारी सांगितलं, लेटरहेड संपले आहेत. दोन्ही गोष्टी खोट्या. चिठ्ठी मी पहिल्याच आठवड्यात टाइप केली होती. यांनी नोंदवलेल्या सर्व वेळा बरोबर होत्या, एवढीच ओळ, खाली माझं नाव, माझा हुद्दा. सहीची जागा कोरी. रोज सकाळी ड्रॉवर उघडायचो, कागद बघायचो आणि ड्रॉवर लावायचो.

चौथ्या शनिवारी ऊन फार होतं. काका सायकल हातात धरूनच उभे राहिले, स्टँडवर लावलीच नाही. चेहरा उतरला होता. दाढी वाढलेली मी त्यांची पहिल्यांदा पाहिली.

"साहेब, ते लोक सोमवारपर्यंत थांबतो म्हनाले," ते म्हणाले. "तुमाले देनं नसंल त नाई म्हना. मी रागावनार नाई. नाई म्हटलं त मी दुसरं काई पाहीन, भाजी विकीन, काईबी करीन. पन आता पुढच्या शनिवारी नका म्हनू. पोरगी विचारते मले, बाबा, कागद झाला का? मी तिले रोज काय सांगू?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं. आणि डोळ्यांत पाणी असतानाच मी म्हणालो, "येत्या शनिवारी नक्की. शब्द देतो."

त्यांनी मला नमस्कार केला आणि सायकल वळवली.

मी आत आलो, ड्रॉवर उघडला आणि सही केली. एका झटक्यात, विचार न करता, शिक्कासुद्धा मारला. मग खुर्चीत बसून राहिलो. आज शनिवार, उद्या रविवार. सोमवारपर्यंत ते लोक थांबणार होते. काकांचं घर कुम्हारीला, जेमतेम पंधरा किलोमीटर, बाहेर माझी स्कूटर उभी. रविवारी सकाळी मी ती धुतली. दुपारी पोरीला तिच्यावरून चक्कर मारून आणली, मार्केटपर्यंत आणि परत. चिठ्ठी शर्टाच्या खिशात होती. सोमवारही तसाच गेला.

पुढच्या शनिवारी मी दिवसभर गेटपाशी बसलो. काका आले नाहीत.